मोर्समधला निरोप उलगडत नाही? आधी मोकळ्या जागा बघा, मग छोटे शब्द

पझल हंटमध्ये ठिपके आणि रेघांचा निरोप हाती आला की टीममधलं कुणीतरी तो लगेच ऑनलाइन डिकोडरमध्ये टाकतं. बाहेर कचरा येतो आणि "हे मोर्स नाहीच" असा निकाल लागतो. बहुतेक वेळा ते मोर्सच असतं. ठिपके-रेघा जागच्या जागी असतात, गोंधळ असतो त्यांच्या मधल्या मोकळ्या जागांचा, किंवा ठिपका कुठला नि रेघ कुठली या गृहीतकाचा. टीममध्ये हे दुरुस्तीचं काम नेहमी माझ्याकडे येतं, त्यामुळे मी ज्या क्रमाने तपासतो तोच क्रम इथे देतो. फुकट आणि मिनिटभराच्या गोष्टी आधी, डोकं पिकवणाऱ्या शेवटी.

लक्षणं

डिकोडरमधून काय बाहेर आलं ते नीट बघा, कारण कचऱ्याचेही प्रकार असतात.

- सगळीकडे फक्त `E` आणि `T`. म्हणजे एका अक्षराच्या आतल्या जागासुद्धा डिकोडरने दोन अक्षरांमधल्या जागा धरल्या. `E` म्हणजे एक ठिपका आणि `T` म्हणजे एक रेघ, दुसरं काही येणारच नाही.
- जागोजागी प्रश्नचिन्हं आणि सहा-सात खुणांचे लांबलचक गट. इथे उलटं झालंय, अक्षरांमधल्या जागा गळाल्यात.
- बरंचसं वाचता येतं, पण `S` आणि `H` गायब आणि `M` च्या जागी `T` किंवा प्रश्नचिन्ह. हा हमखास ऑटोकरेक्टचा प्रताप.
- सुटी अक्षरं ठीक, एखादा शब्दही लागतो, पण वाक्य म्हणून काहीच अर्थ नाही. ठिपके आणि रेघा अदलाबदल झाल्यात किंवा निरोप उलटा वाचला जातोय.
- प्रत्येक गटात नेमक्या पाचच खुणा. याचं वेगळं सांगतो, शेवटाकडे.

पहिली तपासणी: मूळ निरोप आणि तुमची प्रत

डिकोडिंग थांबवा आणि मूळ पान उघडा. कॉपी-पेस्टच्या वाटेत निरोपाचं नुकसान होण्याच्या तीन ठरलेल्या जागा आहेत.

पहिली, वर्ड प्रोसेसर किंवा फोनचा कीबोर्ड. तीन ठिपके दिसले की तो त्यांचं एकच चिन्ह करतो, `…`. दिसायला तीन ठिपके, पण डिकोडरच्या लेखी ते एक अनोळखी अक्षर. तसंच दोन रेघांची एक लांब रेघ होते, `—`. म्हणून `S` आणि `H` बिघडतात आणि `M` चा बळी जातो. दुसरी जागा वेबपेज. ब्राउझर सलग अनेक स्पेस एकच करून दाखवतो. कोडं रचणाऱ्याने अक्षरांमध्ये एक आणि शब्दांमध्ये तीन स्पेस ठेवल्या असतील, तर स्क्रीनवर सगळ्या सारख्याच दिसतात. पेज सोर्स उघडलं की खऱ्या जागा कळतात. तिसरी जागा चॅट. रेघांसाठी अंडरस्कोर वापरला असेल तर काही चॅट ॲप त्याला तिरप्या अक्षरांची खूण समजतात आणि अंडरस्कोर गिळून टाकतात.

चिन्हं पूर्ववत करायला दोन ओळी पुरतात:

```python
s = s.replace("…", "...").replace("—", "--")
s = s.replace("–", "-").replace("_", "-").replace("·", ".")
```

लांब रेघेच्या बाबतीत मात्र आधी नजर टाका. निरोपात आखूड `-` आणि लांब `—` दोन्ही असतील तर लांब म्हणजे बहुधा दोन रेघा. सगळ्याच लांब असतील तर रचणाऱ्याने त्या फक्त ठळक दिसाव्यात म्हणून वापरल्यात आणि एक लांब रेघ म्हणजे एकच रेघ. हे न बघता वरची ओळ चालवली तर धडधाकट निरोप तुम्हीच बिघडवाल.

दुसरी तपासणी: जागांचे किती प्रकार आहेत?

आंतरराष्ट्रीय मोर्समध्ये ठिपका १ एकक, रेघ ३ एककं. अक्षराच्या आत दोन खुणांमध्ये १ एकक शांतता, दोन अक्षरांमध्ये ३ आणि दोन शब्दांमध्ये ७. म्हणजे जागांचे तीन प्रकार असतात आणि त्यांनाच निरोपाचं व्याकरण समजा. ठिपके-रेघांकडे बघण्याआधी हे तीन प्रकार वेगळे काढता येतायत का ते बघायचं.

निरोप आवाजात किंवा लुकलुकणाऱ्या दिव्यात असेल तर ऑडिओ एडिटरमध्ये लाटांचं चित्र उघडा किंवा व्हिडिओच्या फ्रेम मोजा. प्रत्येक शांततेची लांबी एका ओळीत लिहा आणि ते आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. मधे दोन ठिकाणी मोठी उडी दिसली की तीन प्रकार मिळाले. एकच उडी असेल तर शब्दांमधल्या जागा ठेवलेल्याच नाहीत. एकही उडी नसेल तर खाली चौथ्या तपासणीकडे जा.

इथे १:३:७ हे प्रमाण फुटपट्टीसारखं लावू नका. शिकाऊ लोकांसाठी मोर्स पाठवताना अक्षरं वेगात पाठवून मधल्या जागा मुद्दाम ताणायची एक पद्धत आहे, तिला फार्न्सवर्थ टायमिंग म्हणतात. बऱ्याच मोर्स जनरेटरमध्ये ती सोय असते. अशा फाइलमध्ये अक्षरांमधली शांतता ३ ऐवजी ८ किंवा १० एककं भरते आणि डिकोडर तिला शब्दाची जागा समजून प्रत्येक अक्षर सुटं करतो. उड्या कुठे आहेत एवढंच बघा, आकडे किती आहेत ते सोडा.

एक अपवाद इथेच लक्षात घ्या. `...---...` असा नऊ खुणांचा सलग गट दिसला तर जागा गळाल्या असं समजू नका. एसओएस हा संकेत मुळातच मधे जागा न सोडता पाठवतात.

प्रकार ठरले की सर्वांत मोठ्या जागेवर आधी तोडा, मग मधल्या जागेवर. आधी शब्द, मग अक्षरं. उलट क्रमाने गेलात तर हाती अक्षरांची लांब माळ येते आणि पुढच्या तपासणीचं हत्यारच हातून जातं.

तिसरी तपासणी: सगळ्यात छोटे शब्द

माझी सर्वांत आवडती तपासणी हीच, कारण इथे निम्म्याहून जास्त निरोप सुटतात आणि लागतं फक्त कागद-पेन. निरोप ठिपके-रेघांत थेट दिलेला नसतो तेव्हा ती विशेष लागते. काळे-पांढरे मणी, लहान-मोठे गोल, चढते-उतरते जिने अशा वेशात निरोप येतो आणि ठिपका कोणता, रेघ कोणती हे आपण अंदाजाने ठरवलेलं असतं. डावीकडून वाचायचं की उजवीकडून, हाही अंदाजच. म्हणजे एकूण चार शक्यता: सरळ, अदलाबदल, उलट दिशा, आणि दोन्ही एकदम.

समजा पांढरा मणी ठिपका आणि काळा मणी रेघ धरून हे मिळालं. तिरकी रेघ म्हणजे शब्दांमधली जागा.

```
-- . / -- --- / ... .- / . ---- - / .--- -. .-.- .-. / ... --.- / -. / .. -. -..-
ME / MO / SA / E?T / JN?R / SQ / N / INX
```

पहिला शब्द `ME`. टीममध्ये जल्लोष. पुढचं जुळत नाही म्हणून लोक `MO` आणि `SA` मध्ये गुप्त अर्थ शोधायला लागतात. पण दोन अक्षरांचा शब्द योगायोगाने जुळणं अगदी सोपं असतं, त्याच्यावर काहीच ठरवू नये. नजर एकअक्षरी गटावर न्या. इंग्रजी वाक्यात एकट्याने उभं राहणारं अक्षर म्हणजे `A` किंवा `I`, तिसरं सहसा नसतं. इथे आहे `N`, म्हणजे `-.`. अदलाबदल केली तर `.-`, म्हणजे `A`. दिशा उलटी केली तरी `A`. गाडी रुळावर आली, पण दोन शक्यता उरल्या.

त्यातली कोणती हे तीन अक्षरांच्या शब्दांवरून ठरवायचं. इंग्रजी निरोपात `THE` असण्याची शक्यता इतकी मोठी असते की मी तो आधी शोधतो. सरळ असेल तर `- .... .` दिसतो. दिशा उलटी असेल तर `. .... -`, म्हणजे `EHT`, आणि मधला चार ठिपक्यांचा `H` तसाच राहतो. अदलाबदल झाली असेल तर `. ---- -`, मध्ये चार रेघा. चार रेघांचं इंग्रजी अक्षर अस्तित्वातच नाही. आपल्या निरोपात चौथा शब्द नेमका हाच आहे. निकाल लागला: अदलाबदल, दिशा बरोबर.

```
.. - / .. ... / --- -. / - .... . / -... .- -.-. -.- / --- ..-. / .- / -- .- .--.
IT IS ON THE BACK OF A MAP
```

चार खुणांचे सोळा गट होतात, त्यातले बाराच इंग्रजी अक्षरांना दिलेले आहेत. `..--`, `.-.-`, `---.` आणि `----` हे चार रिकामे. म्हणूनच ही परीक्षा चालते. अदलाबदल झाली की `C`, `H`, `V`, `Z` ही अक्षरं बरोबर या रिकाम्या गटांत जाऊन पडतात. दिशा उलटी झाली की `C`, `J`, `Z` पडतात. डिकोडरच्या प्रश्नचिन्हांमागे नेमका कोणता गट आहे ते बघायची सवय लावून घ्या. `----` वारंवार दिसतोय तर अदलाबदल. `H` शाबूत आहे पण `---.` येतोय तर दिशा उलटी, कारण `J` उलटला की तोच होतो.

एकअक्षरी शब्दाचा एक सापळा आहे. `A` ची अदलाबदल `N`, आणि `N` उलटवला की परत `A`. त्यामुळे दोन्ही बिघाड एकत्र असतील तर एकटा `A` छान सरळ दिसतो आणि बाकी सगळं चुकीचं असतं. `I` चं तसं नाही, तो अदलाबदलीत `M` होतो आणि दिशेने बदलत नाही. म्हणून `A` दिसला तरी `THE` ची परीक्षा टाळू नका. आणि निरोपात अंक असतील तर एकटा `N` खरोखरच उत्तर दिशेचा असू शकतो, अक्षांश-रेखांशातला.

अंकांबद्दल आणखी. तिथे तर प्रश्नचिन्हंही येत नाहीत. सगळे दहा अंक पाच खुणांचे आहेत आणि कसेही फिरवले तरी अंकच राहतात. अदलाबदलीत प्रत्येक अंक पाचने सरकतो: १ चा ६, ३ चा ८, ० चा ५. दिशा उलटली की १ चा ९, २ चा ८, ३ चा ७, तर ० आणि ५ जागेवरच. निव्वळ अंकांचा निरोप चारही पद्धतींनी सुरेख उलगडतो आणि त्यातल्या तीन पद्धती तुम्हाला भलत्याच ठिकाणी पाठवतात. म्हणून सोबत एक तरी शब्द उलगडल्याशिवाय अंकांवर विश्वास ठेवू नका.

चौथी तपासणी: जागाच नाहीत

शब्दांमधल्या जागा गेल्या आणि अक्षरांमधल्या राहिल्या तर काळजी नको. `ITISONTHEBACK` कुणीही वाचतो. खरं दुखणं अक्षरांमधल्या जागा जातात तेव्हाचं. `THE` हाच शब्द जागा काढून लिहा:

```
-.....
```

एक रेघ, पाच ठिपके. एका अक्षरात जास्तीत जास्त चार खुणा धरल्या तर याचे २९ प्रकारे तुकडे पडतात. त्यात `THE` आहे, `DIE` आहे, `BEE` आहे, `TEES` सुद्धा आहे. चारही खरे इंग्रजी शब्द आणि खुणा अगदी त्याच. इथे "बरोबर उत्तर" निव्वळ खुणांमधून काढता येत नाही, बाहेरून काहीतरी आणावं लागतं.

बाहेरून आणायची पहिली गोष्ट अक्षरसंख्या. कोड्याखाली कंसात शब्दांची लांबी दिली आहे का ते बघा. तीन अक्षरं कळली की २९ चे १० उरतात: `TEH`, `THE`, `BEE`, `TIS`, `TSI`, `NES`, `NSE`, `DEI`, `DIE`, `NII`. यातले बहुतेक एका नजरेत बाद होतात. उरलेल्यांचा निवाडा शेजारचा शब्द करतो. पुढे नाम येत असेल तर `THE`, मधमाश्यांचं चित्र असेल तर `BEE`.

दुसरी गोष्ट, न तुटणाऱ्या जागा शोधण्याऐवजी तुटलीच पाहिजे अशी जागा शोधा. सलग चार रेघा एका अक्षरात मावत नाहीत, त्यामुळे त्यांच्यात कुठेतरी सीमा आहेच. सलग पाच ठिपक्यांचंही तसंच. निरोपात अंक नाहीत अशी खात्री असेल तरच हे लावा. अशा सक्तीच्या सीमांनी लांब माळेचे लहान तुकडे होतात आणि एकेक तुकडा छोट्या शब्दांच्या यादीशी ताडून बघता येतो. `M` मध्ये खुणांपासून अक्षरांचा तक्ता असेल तर सगळे तुकडे पाडायला एवढं पुरे:

```python
def splits(s):
    if not s:
        yield ""
    for n in range(1, min(4, len(s)) + 1):
        if s[:n] in M:
            for rest in splits(s[n:]):
                yield M[s[:n]] + rest
```

बाहेर येणाऱ्या यादीतून शब्दकोशात नसलेले शब्द गाळा. पण हे एका शब्दापुरतंच वापरा. दहा खुणांना जास्तीत जास्त ४०१ तुकडे पडतात, हे हाताळता येतं. वीस खुणांना हाच आकडा २,८३,९५३ वर जातो, आणि त्यात अर्थपूर्ण वाटणारी पण चुकीची वाक्यंही ढिगाने असतात.

चुका दुरुस्त करण्याआधी

निरोप लागला, पण तीन-चार अक्षरं चुकलेली आहेत. हात लगेच दुरुस्तीला शिवशिवतात. आधी चुकलेली अक्षरं क्रमाने लिहून काढा, आणि त्यांच्या जागी असायला हवी होती ती अक्षरंही. पझल हंट रचणारे चुका फुकट करत नाहीत. `BACK` च्या जागी `BARK` आलं असेल तर तो `R` उत्तराचा भाग असण्याची शक्यता ऑटोकरेक्टपेक्षा जास्त धरा. दोन्ही रांगा वाचा. एखादीत शब्द दिसला तर तेच उत्तर.

कुठे थांबायचं आणि कुणाला विचारायचं

सगळ्या गटांत पाचच खुणा असतील आणि ते अंक म्हणून जुळत नसतील तर मोर्सचा नाद सोडा. मोर्समध्ये गटांची लांबी कमी-जास्त असणारच. सारखी लांबी म्हणजे बहुधा बेकनचं सांकेतिक लेखन किंवा पाच बिटांचा एखादा कोड. सहा-सहाचे गट असतील तर ब्रेल बघा. चारही शक्यता तपासूनही रिकामे गट सगळीकडे विखुरलेले राहिले, तरी हाच अर्थ.

कोड्याचा विषय एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन रेल्वे किंवा तारघर असेल तर तक्ताच वेगळा लागेल. जुन्या अमेरिकन मोर्समध्ये `C`, `O`, `R`, `Y`, `Z` या अक्षरांच्या पोटातच जास्तीची जागा असते, उदाहरणार्थ `O` म्हणजे `. .`. जागांवर तोडायची आपली सगळी पद्धत तिथे फसते. मूळ तक्ता समोर ठेवून हातानेच उलगडावं लागतं.

आवाज खरखरीत असेल, दोन सूर एकमेकांवर चढले असतील आणि लाटांच्या चित्रात काहीच सुटं दिसत नसेल, तर मोर्स कानाने ऐकणाऱ्या हौशी रेडिओवाल्याला गाठा. हॅम मंडळी लयीवरून अक्षर ओळखतात. तुम्ही तासभर मोजलेलं ते दोनदा ऐकून सांगतील. हंटच्या नियमांत बाहेरच्यांची मदत चालते का हे मात्र आधी बघून घ्या.

आणि निरोपात जागा नाहीत, अक्षरसंख्या नाही, खुणा चाळीसच्या वर आहेत, तर संगणक रात्रभर चालवू नका. सीमा कुठे आहेत हे रचणाऱ्याने दुसरीकडे लपवलंय. शीर्षकात, चित्राच्या कडेला, रंगबदलात, ओळी जिथे तुटतात तिथे. एकदा हे सगळं फिरून बघा आणि तरी काही दिसलं नाही तर आयोजकांकडे हिंट मागा. मागताना "अडकलो" एवढंच लिहू नका. जागांचे किती प्रकार सापडले, चारपैकी कोणत्या शक्यता बाद केल्या आणि कोणता गट बसत नाही हे लिहा. छापताना जागा खरंच गळाल्या असतील तर आयोजकांना ते तुमच्या निरोपावरून लगेच कळेल आणि हिंटऐवजी सगळ्यांना दुरुस्ती मिळेल.